कळसूबाई दीड तासात, मग कांग यात्से चार तासात का नाही?

पत्र: दादा, आम्ही चार मित्र ऑगस्टमधे लडाखातल्या कांग यात्से २ ला चाललोय. दर रविवारी कुठेतरी चढतोच, बारी गावातून कळसूबाई आम्ही आरामात दीड तासात करतो, म्हणजे ८५० मीटरच्या आसपास चढ, तासाला साडेपाचशेच्या वर. बेस कॅम्प ५,१०० ला आहे आणि शिखर ६,२५०, म्हणजे फक्त ११५० मीटर. उंचीचा त्रास धरून वेग निम्मा केला तरी चार तास होतात. तरी ट्रेकवाले म्हणतात रात्री ११ ला निघायचं. कशासाठी? अडीचला निघालो तर झोप पण होईल आणि सूर्योदय शिखरावरून दिसेल असा आमचा प्लॅन आहे. आणि घड्याळात तासाला किती मीटर चढतोय ते लाइव्ह दिसतं, ते बघत चढलं तर चालेल का?
— नाशिकहून एक ट्रेकर

उत्तर:

मित्रा, आधी एक चांगली गोष्ट सांगतो, तू किलोमीटर न मोजता उंचीचे मीटर मोजतोयस. डोंगरात अंतर विचारणारे खूप भेटतात, पण समिटच्या रात्री आडवं अंतर जवळजवळ बिनकामाचं असतं, तासाला किती मीटर उंची मिळतेय तेवढंच बघायचं. त्यामुळे तुझा प्रश्न बरोबर आहे, गणित पण बरोबर दिशेने आहे, फक्त तू ८५० भागिले दीड म्हणजे तासाला ५६७, त्याला डायरेक्ट दोनने भागलंस आणि तिथेच गंडलास. त्या आकड्याला एकदा नाही, चारदा कात्री लागते आणि प्रत्येक कात्रीचं कारण वेगळं आहे. एकेक करून बघू.

पहिली कात्री हवेची. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण अर्धा असतो. शरीर कमाल किती ऑक्सिजन वापरू शकतं ती क्षमता दीड हजार मीटरच्या वर गेलं की दर शंभर मीटरला साधारण एक टक्का या हिशोबाने उतरत जाते, म्हणजे तुमच्या पूर्ण चढाईचा मधला भाग ५,७०० धरला तर तिथे तुझं इंजिन साठेक टक्केच उरलेलं असतं. हे नीट ॲक्लमटाइझ झाल्यावरचं बोलतोय बरं का, नाहीतर लोकांना वाटतं आठ दिवस लेह आणि मार्खा व्हॅलीत घालवले की ही क्षमता परत येते. ती येत नाही, तेवढ्या दिवसांत डोकेदुखी जाते, झोप लागायला लागते, श्वास जरा मोठा होतो, इतकंच. ५६७ चे साठ टक्के म्हणजे ३४०.

दुसरी कात्री जी कोणीच धरत नाही, ती वेळेची. कळसूबाईला दीड तास तू किती जोर लावतोस? खरं सांग, शिडीच्या टप्प्यावर बोलता येतं का? बहुतेक तू तिथे तुझ्या ताकदीच्या ७५-८० टक्क्यांवर असतोस, आणि ते चालतं, कारण दीड तासात विषय संपतो आणि वर जाऊन लिंबू सरबत असतं. समिटच्या रात्री आठ तास वर आणि तीन-चार तास खाली, ते पण रात्रीच्या थंडीत आणि नीट जेवण गेलेलं नसताना. एवढा वेळ माणूस पन्नास टक्क्यांच्या आसपासच चालू शकतो, त्याच्या वर गेलास की पहिले तीन तास हिरो आणि मग दगडावर बसून दुसऱ्यांच्या हेडलॅम्प मोजत बसायचं. ३४० ला ही कात्री लावली की उरले २२०.

तिसरी बुटांची. ट्रेल शूज घालून पळणं वेगळं आणि पायात दीड-दोन किलोची डबल बुटांची जोडी, त्यावर बर्फात रुतणारे काटेरी क्रॅम्पॉन, कंबरेला हार्नेस, पाठीवर पाणी, जॅकेट आणि हातात आइस ॲक्स हे वेगळं. पायातलं वजन तर पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, प्रत्येक पावलाला तेच उचलायचं ना. धर अजून पंधरा-वीस टक्के गेले. आले १८० वर.

आणि चौथी थांबण्याची. १८० हा चालताना मिळणारा वेग झाला. पण पाणी प्यायचं, ग्लोव्ह काढून चेन लावायची, एकाला लघवीला जायचंय, दुसऱ्याच्या हेडलॅम्पची बॅटरी गेली, हे सगळं धरलं की तासाला दहाएक मिनिटं जातात आणि खरा हातात पडणारा वेग दीडशे. मी कायम हा थांब्यांसकटचा वेगच मोजतो, कारण घड्याळ तुम्ही थांबलात म्हणून थांबत नाही. वरची चारही कात्र्यांची रक्कम काही लॅबमधली नाही, ढोबळ आहे, माणसागणिक वीस-तीस मीटर इकडेतिकडे होईल. पण तुझ्या चार तासांसाठी थांब्यांसकट २८८ लागतात, आणि कितीही ओढाताण केली तरी तो आकडा दीडशेच्या जवळपास येत नाही.

तुलनेला म्हणून सांगतो, आल्प्समधे पायवाटेच्या पाट्यांवर जे तास लिहितात ते साधारण तासाला ३०० मीटर चढ धरून काढलेले असतात, आणि ते दोन-अडीच हजार मीटरवर, दिवसा, साध्या बुटात, वाटेवर. आपण सहा हजारवर रात्री त्याच आकड्याचा प्लॅन करतोय. असो.

आता ही दीडशेची सरासरी पूर्ण चढाईला सारखी पसरवायची नाही, कारण ती सारखी नसतेच. खाली जास्त, वर कमी. कांग यात्से २ चे मी तीन तुकडे करतो. पहिला बेस कॅम्पपासून क्रॅम्पॉन पॉइंटपर्यंत, हा सगळा मोरेनचा दगडधोंडा आणि घसारा. बर्फ कुठे सुरू होतो ते दरवर्षी वरखाली होतं, आपण हिशोबासाठी ५,७०० धरू. म्हणजे ६०० मीटर, इथे पाय ताजे असतात, थांब्यांसकट १८० मिळतील, तीन तास वीस मिनिटं. मग क्रॅम्पॉन चढवणं आणि दोराला बांधून घेणं. याला लोक दहा मिनिटं धरतात, पण अंधारात, गोठलेल्या बोटांनी, चार जणांचे पट्टे आवळून होईपर्यंत अर्धा तास सहज जातो, त्यामुळे अर्धा तास वेगळा काढूनच ठेव. दुसरा तुकडा ५,७०० ते ६,०००, बर्फाचा उतार, तासाला १५० ने दोन तास. आणि तिसरा शेवटचे २५० मीटर, जिथे पाच पावलं आणि थांबा, पाच पावलं आणि थांबा असं चालू असतं, तिथे तासाला १०० मिळाले तरी खूप, अडीच तास.

सगळं मिळून आठ तास वीस मिनिटं. रात्री ११ ला निघालास तर २:२० ला क्रॅम्पॉन पॉइंट, २:५० ला तिथून पुढे, ४:५० ला ६,००० मीटर आणि ७:२० ला शिखर. गंमत बघ, ऑगस्टमधे लडाखात सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, म्हणजे सहा हजारावर पोचायला आणि फटफटायला एकच गाठ पडते, वरचा कठीण भाग तुला उजेडात मिळतो. आणि तुझ्या अडीचच्या प्लॅनमधे सूर्योदय कुठे होतो ते सांगू? तीन तासात १८० ने ५४० मीटर, म्हणजे ५,६४०. क्रॅम्पॉन पॉइंटच्या खाली, घसाऱ्यात. शिखरावर तू पोचणार १०:५० ला.

"मग काय झालं, दिवसच आहे ना, उन्हात चढू" असं वाटेल. मला पण वाटलं होतं, स्टोक कांगरीवर, ते बंद व्हायच्या खूप आधीची गोष्ट. आम्ही आळशीपणा करून उशिरा निघालो आणि शिखरावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, मस्त ऊन, फोटो वगैरे झाले. उतरायला लागलो आणि ज्या बर्फावरून पहाटे कर्र कर्र आवाज करत आलो होतो तिथे एकेक पाय गुडघ्यापर्यंत आत. क्रॅम्पॉनच्या खाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटतात, टोकं रुततच नाहीत, दर चार पावलांनी ॲक्सच्या दांड्याने बुटावर ठोकायचं, परत चार पावलं. खाली यायला दीड तासाच्या जागी तीन लागले आणि मला एकदा घसरून ॲक्स मारून थांबावं लागलं, तेव्हापासून मी शिखराची वेळ नाही, उतरण्याची वेळ आधी ठरवतो.

म्हणूनच समिट नाईटचं गणित उलटं करायचं असतं. "किती वाजता निघू" हा शेवटचा प्रश्न आहे, पहिला प्रश्न म्हणजे "बर्फ किती वाजेपर्यंत कडक राहणार". रात्री आकाश मोकळं असलं की बर्फाची उष्णता वर निघून जाते आणि पृष्ठभाग गोठून फरशीसारखा होतो, सकाळी ऊन पडलं की वरून मऊ व्हायला लागतो. साधारण दहापर्यंत तुम्ही बर्फाच्या उतारावरून खाली क्रॅम्पॉन पॉइंटला आलेले असावेत असं धरू. ५५० मीटर बर्फ उतरायला कडक असेल तर दीड तास. म्हणजे शिखर साडेआठला सोडायचं. हीच तुमची परत फिरायची वेळ, आणि ही शिखरावर असा नाहीतर पन्नास मीटर खाली असा, तीच राहते. आता साडेआठमधून आठ तास वीस मिनिटं वजा कर, आले बारा वाजून दहा मिनिटं. आणि त्यातून तासभर उशीर व्हायची जागा सोड, ती सोडावीच लागते, तर आले ११:१०. बघ, ट्रेकवाल्यांचे ११ कुठून आले ते. त्यांनी तुला छळायला सांगितलेलं नाही.

इथे एक पोटनियम आहे. रात्रभर ढग असतील तर थंडी वाजत असली तरी बर्फ नीट गोठत नाही, ढग पांघरुणासारखे काम करतात. रात्री ११ ला तंबूबाहेर आलास आणि चांदण्या नाहीत, कॅम्पजवळचं डबकं पण गोठलेलं नाही, तर साडेआठ विसर, त्या दिवशी बर्फ सातलाच मऊ असेल. अशा वेळी गाईड म्हणाला उद्या बघू, तर वाद घालू नकोस.

दुसरीकडे, जितकं लवकर तितकं चांगलं असंही नाही हं. ९ ला निघणारे पण पाहिलेत. ते ५:२० ला शिखराजवळ पोचतात, म्हणजे वरचा सगळ्यात अवघड भाग पूर्ण अंधारात आणि दिवसातल्या सगळ्यात थंड वेळेत, सूर्योदयाच्या आधीच्या तासात. हळू चालल्यामुळे अंगात ऊब नाही, पायाची बोटं बधिर. तुमचा मोजलेला वेग खरंच चांगला निघाला, समजा सगळीकडे मी धरलेल्यापेक्षा पाव पट जास्त, तर पूर्ण चढाई पावणेसात तासात होते आणि साडेबारालासुद्धा निघता येईल. म्हणजे ११ हा काही देवाने दिलेला आकडा नाही. तो तुमच्या वेगातून येतो, आणि वेग मोजल्याशिवाय कळत नाही.

तर तो मोजायचा कसा. कळसूबाईवर नाही, तिथला आकडा तिथेच ठेव. बेस कॅम्पला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ॲक्लमटायझेशनसाठी वर नेतात, तोच तुझा पेपर. समिटला जे बूट घालणार तेच घालून, जेवढं वजन नेणार तेवढंच घेऊन ५,१०० वरून ५,४०० पर्यंत जा, आणि निघाल्यापासून पोचेपर्यंतचा सगळा वेळ लाव, थांब्यांसकट. कसोटी एकच, पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, नाहीतर तू पेपरात कॉपी करतोयस. तीनशे मीटरला एक तास चाळीस मिनिटं लागली तर १८०, माझं वरचं गणित जसंच्या तसं वापर. दोन तास लागले तर दीडशे, मग तिन्ही तुकडे त्याच प्रमाणात लांबव, पूर्ण चढाई जवळजवळ दहा तासांवर जाते. मग निघायला हवं साडेनऊला. अडीच तास लागले, म्हणजे तासाला १२०, तर प्रामाणिकपणे सांगतो, बेस कॅम्पवर राहा, अजून एक दिवस विश्रांती घेऊन परत मोजून बघ, पण त्या आकड्यावर त्या रात्री निघू नकोस. आणि हो, चौघांनी एकत्र मोजा. दोरावर चौघे बांधलेले असलात की दोराचा वेग म्हणजे सगळ्यात हळू माणसाचा वेग, तुझे ५६७ तुझ्यापाशी. एकाचा थांबा तो चौघांचा थांबा, म्हणून सगळे एकाच वेळी पाणी प्या, एकाच वेळी खा.

घड्याळाबद्दल. लाइव्ह आकडा बघत चढू नकोस, तो एका उंच पावलाला ४०० दाखवतो आणि श्वासाला थांबलास की शून्य, त्याच्या नादाने माणूस उगाच धावतो. अर्ध्या तासाची सरासरी बघ, ती पण डोक्यात काढता येते. ११:४० ला ५,२१० होतास आणि १२:१० ला ५,२९५, म्हणजे अर्ध्या तासात ८५, तासाला १७०. झालं. बॅरोमीटरवर चालणारं घड्याळ असेल तर निघताना बेस कॅम्पची उंची त्यात सेट कर, कारण रात्रीत हवामान बदललं की दाब बदलतो आणि घड्याळाला वाटतं तू चढलास. खाली समुद्राजवळ दाबाच्या एका मिलिबारला आठेक मीटरचा फरक पडतो, साडेपाच हजारावर तोच चौदा-पंधरा मीटर होतो, हवा तिकडे विरळ ना. त्यामुळे तीन मिलिबार हलले की चाळीस-पंचेचाळीस मीटरची चूक. अर्ध्या तासात एवढं सहसा हलत नाही, पण पूर्ण रात्रीत हलू शकतं, म्हणून शिखरावर घड्याळ ६,२०० दाखवत असेल तर घड्याळाशी भांडत बसू नकोस. थंडीत बॅटरी बसते ते वेगळंच, एक साधी पेन्सिल आणि कागद खिशात असू दे.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाटेत कळतं कसं की आज होणार नाही? लोक शिखराच्या शंभर मीटर खाली पोचून हा विचार करतात आणि तिथे कोणीच परत फिरत नाही, समोर दिसत असतं ना. म्हणून निर्णय खाली क्रॅम्पॉन पॉइंटला घ्यायचा. प्लॅनप्रमाणे तिथे २:२० ला पोचायचं. समजा तुम्ही २:५० ला पोचलात, अर्धाच तास उशीर. प्रत्येकजण म्हणतो अर्धा तास काय, वर भरून काढू. पण विचार कर, तीन तास वीसच्या जागी तीन तास पन्नास लागले, म्हणजे आजचा तुमचा वेग प्लॅनच्या सत्त्याऐंशी टक्के आहे, आणि तो वर गेल्यावर वाढणार नाही, झाला तर अजून कमीच होईल. म्हणजे वरचे साडेचार तास पण पाच तास दहा मिनिटं होणार. २:५० मधे क्रॅम्पॉनचा अर्धा तास आणि हे ५:१० मिळव, ८:३०. बरोब्बर परत फिरायच्या वेळेवर. खालचा अर्धा तासाचा उशीर वर एक तास दहा मिनिटांचा झाला, हातात राखून ठेवलेली सगळी जागा संपली आणि अजून एक जरी क्रॅम्पॉन निसटला तर गेलं. म्हणून २:५० ही तिथली लाल रेघ. ३:१५ ला पोचलात तर त्याच हिशोबाने शिखर साडेनऊला, म्हणजे तिथूनच मागे फिरा, कितीही बरं वाटत असलं तरी. ६,००० मीटरवर हीच रेघ ५:४० ला येते.

वेग घसरण्याचं अजून एक बघायचं असतं. चढ तसाच आहे, बर्फ तसाच आहे, पण तुझ्या एखाद्या मित्राचा वेग मागच्या तासापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने पडला, तर तो नुसता दमलाय असं धरू नका. डोकं दुखतंय का विचारा, त्याला टाच-पंजा जोडून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. झोक जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा थांबून पाच मिनिटं झाली तरी धाप उतरत नसेल, खोकला असेल, तर तिथे वेळेचं गणित संपतं. खाली, लगेच, आणि एकट्याला नाही पाठवायचं. हे लक्षण ऑक्सिमीटरच्या आधी आणि बऱ्याचदा त्या माणसाच्या स्वतःच्या आधी तुमच्या कागदावरच्या आकड्यात दिसतं, म्हणून कागद.

आणि सुरुवातीच्या तासाचं एक. बेस कॅम्पवरून निघताना थंडी वाजत असते म्हणून सगळे जाड जॅकेट घालून निघतात आणि ऊब यावी म्हणून जोरात चालतात. पहिल्या तासात २५० मीटर झाले, सगळे खूश. मी तिथे घाबरतो. आत घाम, मग पहिल्या थांब्याला तो घाम गार, आणि पहाटे तीनला वारा सुटला की तेच ओलं बनियन तुला हुडहुडी भरवतं. निघताना थोडी थंडी वाजू दे, जॅकेट बॅगेत, आणि पहिला तास मुद्दाम १८० च्या वर जाऊ द्यायचा नाही. तुला तो वेग लाजिरवाणा वाटेल. वाटू दे.

जायला अजून वेळ आहे तर तयारी पण सांगतो, कारण तुमची सध्याची प्रॅक्टिस चुकीच्या गोष्टीची आहे. कळसूबाई दीड तासात करणं हे दीड तासाच्या शर्यतीची तयारी झाली. तुम्हाला हवंय आठ तास एकसारखं चालणं. त्यामुळे पुढच्या रविवारी बारीतून पाठीवर आठ किलो घेऊन तासाला तीनशेने चढा, म्हणजे जवळजवळ तीन तासात, मुद्दाम हळू, गप्पा मारत. खाली उतरा, काहीतरी खा, आणि परत चढा. दुसऱ्या फेरीत वेग पहिल्याच्या नव्वद टक्क्यांच्या खाली गेला नाही तर पाया चांगला आहे. तो २३० वर आला, तर अजून महिना-दीड महिना हेच करत राहा, वेग वाढवायच्या मागे लागू नका. शनिवारी रात्री निघून हे अंधारात केलंत तर अजून चांगलं, हेडलॅम्पच्या उजेडात पाऊल कुठे टाकायचं त्याची सवय होते आणि पहाटे तीनला पोटात काय जातं काय नाही ते पण कळतं. (मला चिक्की जात नाही, खजूर जातात, हे मला असंच कळलं.) फक्त पावसाळ्यात शिड्या निसरड्या असतात, तिथे वेग वगैरे काही नाही.

झोपेचं म्हणशील तर, पाचला जेवून सहाला आडवं व्हायचं आणि दहाला उठायचं. झोप लागणार नाही. शेजारच्या तंबूत कोणीतरी घोरत असणार, छातीत धडधड होत असणार, ५,१०० वर अडीचपर्यंत पडून राहिलास तरी तेच होणार आहे, त्यामुळे ते साडेतीन तास तू झोपेसाठी वाचवत नाहीयेस, नुसते बर्फाचे कडक तास घालवतोयस.

कागदावर चार ओळी लिही, निघायचं ११:००, क्रॅम्पॉन पॉइंट २:५०, सहा हजार ५:४०, शिखरावरून मागे ८:३०, आणि तो कागद तुमच्यातल्या सगळ्यात कमी हट्टी माणसाच्या खिशात ठेव, तुझ्या नको, पत्रावरून मला तू थोडा हट्टी वाटतोस. आणि बेस कॅम्पला पोचल्या संध्याकाळीच गाईडला विचार की या आठवड्यात वरच्या उतारावर बर्फ किती वाजता मऊ होतोय. तो म्हणाला साडेनऊलाच, तर माझे दहा खोडून चारही वेळा अर्ध्या तासाने अलीकडे आण, निघायची सुद्धा.